अर्धं-अर्धं

आमच्या ह्यांना समोर कांदेपोहे आले की औदार्याचा झटका येतो. लेकीचं ठरलं त्या दिवशी ऐरोलीत व्याह्यांच्या घरी पोह्यांची दुसरी बशी संपवताना हे एकदम म्हणाले, "खर्चाचं काय एवढं? अर्धं-अर्धं!" व्याह्यांनी हात जोडले, विहीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी मात्र तिथंच मनात विचारलं, कशाच्या अर्धं?

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात हिशेब विभागात सत्तावीस वर्षं काढली आहेत. 'अर्धं' हा शब्द कानावर आला की मला आधी 'एकूण' दिसायला लागतं. आणि एकूण असं होतं, की आमचं माहेर-सासर मिळून सगळं गणगोत नौपाडा ते पाचपाखाडी या पट्ट्यात राहणारं, मोजून एकशेचाळीस. व्याही मूळचे जुन्नरकडचे. वाशीच्या फळबाजारात त्यांचा गाळा आहे, आणि गावाकडे भावकी. भावकी हा शब्द विहीणबाई जितक्या सहज उच्चारतात तितक्या सहज मी फक्त 'भाजी' म्हणू शकते. त्यांची यादी तीनशेची होती, आणि तीही "जवळचेच हां" असं बजावून दिलेली.

घरी येऊन मी वही उघडली. पाचपाखाडीतला हॉल नव्वद हजार, सजावट, बैठक, सनई वगैरे साठ हजार, ताट साडेसहाशे रुपये. हे म्हणाले, "बघ, सोपं आहे. सगळं मिळवायचं, दोननं भागायचं." मी म्हटलं, "म्हणजे त्यांच्या भावकीतल्या एकोणसाठाव्या काकांच्या जिलबीचे अर्धे पैसे आपण द्यायचे?" तेव्हा कुठे ह्यांचा चेहरा पोह्यांच्या आधीचा झाला.

पण हे बोलायचं कसं? लग्नाच्या बोलण्यात पैशाचा विषय निघाला की आपल्याकडे सगळे एकदम छताकडे बघायला लागतात. "तुम्ही म्हणाल तसं", "नाही नाही, तुम्हीच सांगा", "आपण काय परके आहोत का?" असं म्हणत दोन तास जातात आणि चहाचे कप तेवढे वाढतात. आमच्याही पहिल्या दोन बैठका अशाच गेल्या. तिसऱ्या बैठकीला मी वहीच घेऊन गेले. ह्यांनी रिक्षात बजावलं होतं, "वही पर्समधून बाहेर काढू नकोस." मी चपला काढायच्या आधी वही काढली.

आणि काय सांगू, व्याही खूश! त्यांनी चष्मा लावला, वही स्वतःकडे ओढली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, यात घट धरली नाही का?"

घट म्हणजे गावाकडून निघालेला माल बाजारात पोचेपर्यंत वजनात जेवढा कमी भरतो तेवढा. व्याह्यांच्या मते माणसांचंही तसंच असतं. वैशाखातला दिवस, त्याच तारखेला गावात आणखी दोन लग्नं, तेव्हा तीनशेतले दोनशेचाळीस येतील. "आणि तुमचे जवळ राहतात म्हणून जास्त गळतील," ते म्हणाले. "लांबचा माणूस एकदा बसमध्ये बसला की येतोच. जवळचा म्हणतो, संध्याकाळी घरी जाऊन भेटू." हे मला अपमानास्पद वाटलं, पण खोडून काढता येईना. माझ्या सख्ख्या नणंदेचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता. एकशेचाळीसचे आम्ही एकशेदहा केले.

मग प्रश्न आला पोरांच्या मित्रांचा. लेक आणि जावई एकाच ऑफिसात, त्यामुळे ती पन्नास माणसं नेमकी कुणाची? ह्यांनी ती चटकन त्यांच्या खात्यात ढकलली, विहीणबाईंनी तितक्याच चटकन आमच्या. शेवटी मी वहीत तिसरा रकाना पाडला आणि वर लिहिलं 'सामाईक'. चाळीतल्या संडासाखेरीज आयुष्यात मी हा शब्द पहिल्यांदाच वापरत होते.

आता एकूण चारशे झाले. ताटांचे दोन लाख साठ हजार. सामाईकातले पंचवीस-पंचवीस धरून आमची एकशेपस्तीस ताटं, त्यांची दोनशेपासष्ट. हॉल आणि सजावट मिळून दीड लाख, ते मात्र निम्मे-निम्मे, कारण मंगलाष्टकं दोघांसाठी एकदाच म्हणतात. सरसकट अर्धं केलं असतं तर आमच्या वाट्याला दोन लाख पाच हजार आले असते. या हिशेबानं एक लाख बासष्ट हजार सातशेपन्नास आले. उरलेले दोन लाख सत्तेचाळीस हजार अडीचशे व्याह्यांचे. मी आकडा वाचून दाखवला आणि छताकडे बघितलं.

व्याही म्हणाले, "बरोबर आहे." मला एवढ्यावर थांबता आलं असतं. पण ह्यांना अचानक कंठ फुटला. "तसं बघायला गेलं तर," हे म्हणाले, "एकशेदहा माणसांना पुढच्याच गल्लीतला छोटा हॉल पंचेचाळीस हजारांत मिळत होता. मोठा घेतला तो..." वाक्य तिथंच लोंबकळलं. विहीणबाईंनी बशी उचलली. खरं सांगायचं तर मुद्दा चुकीचा नव्हता. हॉलचं भाडं डोक्यावर नसतं असं आपण म्हणतो, पण हॉल केवढा घ्यायचा हे डोक्यांवरच ठरतं.

व्याही शांतपणे म्हणाले, "साहेब, लग्न ठाण्यात ठेवलं ते तुमच्या सोयीनं. आम्ही गावाकडून दोन बस आणतोय. गावात ठेवलं असतं तर बस तुम्हाला करावी लागली असती. बसचं मी काढत नाही, हॉलचं तुम्ही काढू नका." जुन्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे म्हणतात. इथं रुमाल नव्हता एवढंच. हे गप्प झाले, मी वहीत दोन्ही ओळींवर काट मारली. बस सकाळी आठलाच पोचणार, म्हणून नाश्ता त्यांचा. फोटोवाला पोरांचा. हे दोन मिनिटांत उरकलं.

खरी गाडी अडली ती टॉवेल-टोपीवर.

आम्ही ठरवलं होतं, ज्याचा रिवाज त्याचा खर्च. रुखवत आमचं, विहिणीच्या पंगतीतली चांदीची वाटी आमची, फेटे त्यांचे, बँड त्यांचा. ऐकायला किती सरळ! पण त्यांच्याकडे भावकीतल्या मानकऱ्यांना टॉवेल-टोपी आणि त्यांच्या बायकांना साडी, असा मान करतात, आणि तो करायचा मुलीकडच्यांनी. म्हणजे रिवाज त्यांचा आणि हात आमचा. मग खिसा कुणाचा? मानकरी बेचाळीस.

आम्ही अकरा म्हटलं. विहीणबाई म्हणाल्या, "अकरा दिले तर एकतीस रुसतील. न दिलेले परवडले, पण काहींना दिलेले नाही परवडत." आमच्याकडे मानपानच नाही म्हटलं तर व्याही संकटात, केलं तर आम्ही. तेवढ्यात लेक आतून येऊन म्हणाली, "मागून घेतलेलं काही चालणार नाही हं. 1961 चा हुंडाबंदीचा कायदा आहे. आणि वधूवरांना आपखुशीनं मिळालेल्या भेटींचीही यादी ठेवायची असते, 1985 च्या नियमांत आहे." खोलीत शांतता पसरली. व्याही म्हणाले, "सूनबाईंनी बाजार बंद केला." पण तोडगा त्यांनीच काढला. बेचाळीस संच ते स्वतः घाऊक बाजारातून आणणार, द्यायचे तेवढे आमच्या हातून.

त्यामुळे लग्नाच्या दिवशी पडद्यामागे असं दृश्य होतं, की जावयाचा चुलतभाऊ पिशवीतून एकेक टॉवेल काढून माझ्या हातात ठेवतोय, मी तो ह्यांच्या हातात देतेय, आणि हे पडद्याबाहेर जाऊन अत्यंत गंभीर चेहऱ्यानं तोच टॉवेल त्याच चुलतभावाच्या वडिलांच्या खांद्यावर घालतायत. वडील कृतकृत्य होऊन म्हणाले, "मुलीकडच्यांनी मान चांगला राखला." चुलतभाऊ पिशवीत तोंड खुपसून हसत होता.

जेवणाचं सांगायचं राहिलं. केटररला गॅरंटी चारशेचीच दिली होती. पस्तीस कमी आले तरी पैसे चारशेंचे, म्हणून आकडा कधी फुगवून सांगू नये. जास्त झाले तर जास्तीचे मोजतात. मोजायची पद्धत म्हणजे ताटांची चळत. दर शंभर ताटं संपली की त्यांचा माणूस वहीवर दोन्हीकडच्यांची सही घेतो. गोम अशी, की तो माणसं मोजत नाही, ताटं मोजतो. दुसऱ्यांदा वाढून घ्यायला कुणी नवं ताट उचललं की हिशेबात एक नवा पाहुणा जन्माला येतो.

चारशेवर सव्वीस ताटं गेली. सोळा हजार नऊशे रुपये. जास्तीची ताटं निम्मी-निम्मी असं ठरलं होतं, पण व्याही म्हणाले, "आमचीच असणार. बसमध्ये ऐनवेळी माणसं चढली होती." आणि त्यांनी सगळे भरून टाकले.

मी काही बोलले नाही, कारण मी चळतीपाशी उभी होते. ह्यांनी पहिलं ताट मसालेभाताला घेतलं. जिलबीचा पाक मठ्ठ्यात उतरला म्हणून दुसरं घेतलं. तिसरं कुणा मित्राला सोबत द्यायला. जाऊबाईंच्या दोन नातवंडांनी तर फक्त पापडासाठी एकेक जादा ताट नेलं. म्हणजे डोळ्यांदेखत आमचीच चार.

रात्री झोप येईना. शेवटी उठून फोन काढला आणि व्याह्यांना 2,600 पाठवले. खाली लिहिलं, 'चार ताटं आमची होती. तीनदा जेवलेले गृहस्थ आत घोरत आहेत.'

पाच मिनिटांत पैसे परत आले. 2,601. खाली लिहिलं होतं, 'ताई, घट धरली आहे. वरचा रुपया आहेर.'

आता आहेर आला म्हणजे परतीचा आहेर आला. वही अजून टेबलावर उघडी आहे आणि तो रुपया आमच्या रकान्यात घालायचा, त्यांच्या की सामाईकात, यावर आज सकाळपासून हे माझ्याशी वाद घालतायत. समोर पोहे आहेत.