कुमारजी या ॲपवर आहेत, त्या ॲपवर का नाहीत?

कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे. त्यामुळे त्यांचा एखादा अल्बम ॲपवर सापडला नाही की बेळगावात लगेच तर्क सुरू होतात. कर्नाटकात बंद केला असेल, ॲपची भाषा कन्नड ठेवली म्हणून दिसत नसेल, वगैरे. यात काही तथ्य नाही. गाण्यांचे हक्क देशाच्या हिशेबाने दिले जातात, राज्याच्या नाही. निपाणीत जे दिसतं तेच कागलात दिसतं, सिम कुठल्याही सर्कलचं असो. भाषा बदलली तर पहिल्या पानावरच्या शिफारशी बदलतात, साठा तोच राहतो. दुबईतल्या भावाला वेगळं दिसू शकतं, कारण त्याचं खातं दुसऱ्या देशातलं.

खरी गोष्ट अशी की ॲप हा नुसता दुकानदार. रेकॉर्डिंगची मालकी बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपनीकडे असते आणि ती प्रत्येक ॲपशी वेगळा, ठराविक मुदतीचा करार करते. कुमारजींच्या जुन्या एचएमव्ही रेकॉर्ड्स आज सारेगामाकडे आहेत. स्पॉटिफाय फेब्रुवारी 2019 मध्ये भारतात आलं, पण सारेगामाशी व्यवहार जुळला नाही. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि त्याच एप्रिलमध्ये सारेगामाची गाणी स्पॉटिफायवरून उतरवायचं ठरलं. करार झाला तो थेट जून 2020 मध्ये. तेवढा काळ सारेगामाचं गाणं ऐकायचं तर दुसऱ्या ॲपवर जावं लागे. दुसऱ्या कंपन्यांनी काढलेल्या मैफिलींचा या भांडणाशी संबंध नव्हता. म्हणूनच एकाच गायकाचे अर्धे अल्बम दिसतात, अर्धे नाहीत.

'सरकारी दराने पैसे भरून ॲपने गाणं का लावू नये?' असं कुणी विचारेल. कॉपीराइट कायद्याच्या कलम 31ड मध्ये तशी सोय आहे, पण ती प्रसारणासाठी. इंटरनेटवरच्या ॲपना ती लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात सांगितलं. म्हणजे कंपनी नाही म्हणाली की विषय संपला. ॲपला शिव्या घालणाऱ्यांनी निदान निम्म्या शिव्या कंपनीसाठी राखून ठेवाव्यात.

आता तपासायचं कसं? ज्या ॲपवर अल्बम आहे तिथे तो उघडा आणि गाण्यांच्या यादीच्या अगदी खाली जा. गोलातल्या P पुढे वर्ष आणि कंपनीचं नाव असतं. तोच रेकॉर्डिंगचा मालक. मग त्याच कंपनीच्या दुसऱ्या एखाद्या जुन्या गायकाचा अल्बम गायब असलेल्या ॲपवर शोधा. तोही नसेल तर करार अडलाय, वाट बघण्यापलीकडे उपाय नाही. तो मात्र असेल, तर गडबड बहुधा नावात आहे.

आणि नावाची गडबड शास्त्रीय संगीतात फार! ॲपच्या लेखी 'Kumar Gandharva', 'Pt. Kumar Gandharva' आणि 'Pandit Kumar Gandharv' ही तीन वेगळी माणसं असू शकतात, तिघांची पानं वेगळी. कंपनीने पाठवलेल्या फाइलमध्ये जे स्पेलिंग, तेच पान. म्हणून गायकाच्या पानावर नाही म्हणजे ॲपवर नाही, असं समजू नका. रागावरून शोधा, तेही दोन-तीन स्पेलिंगांनी: Bhimpalasi, Bhimpalas, Bheempalasi. संकलनात घुसवलेली चीज तर गायकाच्या अल्बमांत दिसतच नाही, अल्बमाचं नाव भलतंच असतं. इतक्या वर्षांच्या साठ्याला कंपन्या साधा मूळ रेकॉर्डचा नंबर आणि वर्ष जोडत नाहीत, हा मला निव्वळ आळस वाटतो.

यूट्यूबवर आहे आणि बाकी कुठेच नाही, असंही होतं. तिथे व्हिडिओखालचं वर्णन उघडा. 'Provided to YouTube by' अशी ओळ आणि पुढे कंपनीचं नाव असेल तर तो अधिकृत अल्बम. नसेल तर बहुतेक कुणा रसिकाने कॅसेटवरून चढवलेलं असतं. ते दुसऱ्या ॲपवर येण्याची आशा धरू नका, आणि हक्कदाराने तक्रार केली की यूट्यूबवरूनही जाईल.

जुन्या रेकॉर्डची कथा याच्या उलट. भारतात रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो, मोजणी पुढच्या जानेवारीपासून. 1960 ची रेकॉर्ड 2020 च्या अखेरीस मोकळी झाली. अशी रेकॉर्ड कुणीही छापू शकतो, म्हणून तेच गाणं चार अनोळखी लेबलांखाली दिसतं. मात्र चीज कुमारजींनी स्वतः बांधलेली असेल तर बंदिशीचा हक्क वेगळा आणि तो 2052 अखेरपर्यंत, कारण ते 1992 मध्ये गेले.

खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंज नसते म्हणून डाउनलोड करून ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. करार संपला की डाउनलोड केलेलं गाणंही वाजत नाही. स्पॉटिफायला तर 30 दिवसांत एकदा इंटरनेट दाखवावंच लागतं, नाहीतर सगळं डाउनलोड जातं. घरात सीडी असेल तर ती भंगारात घालू नका.