होकाराला पंधरा ओळी, नकाराला एक

नुसता होकार कळवायला मेल लिहायचा असेल, तर बैठक मारून बसा. घाईचं काम नाही हे.

समजा तुमचं भिवंडीला गोदाम आहे आणि अंधेरीच्या एका ऑफिसला चाळीस खुर्च्या पाठवायच्या आहेत. तिथल्या खरेदी विभागातल्या मॅडमनी विचारलंय, ‘गुरुवारी दुपारी माल येतोय ना?’ आता एखादा उतावळा माणूस लिहून मोकळा होईल: ‘हो. गुरुवारी, १२ तारखेला दुपारी २ ते ३च्या दरम्यान ४० खुर्च्या घेऊन टेम्पो मागच्या गेटवर येईल.’ सोळा-सतरा शब्द! इतक्या शब्दांत का कुठे व्यवहार होतो? वस्तू, वार-तारीख, वेळ, जागा, सगळं एका दमात सांगून टाकलं. मॅडमनी ते वाचलं, वॉचमनला कळवलं आणि दुसऱ्या कामाला लागल्या. तुमची आठवण त्यांना राहणार कशी?

तेव्हा आधी तब्येतीची चौकशी करा. मग त्यांच्या मेलबद्दल आभार माना, तो मेल कधी आला ते त्यांनाच कळवा, आपल्या कंपनीची परंपरा सांगा, त्यांच्याशी असलेल्या दीर्घ संबंधांचा (ही दुसरीच ऑर्डर असली तरी) उल्लेख करा. ‘हो’ हा शब्द दहाव्या ओळीच्या आत येता कामा नये. फोनवर मेल उघडण्याआधी विषय आणि पहिले काही शब्द तेवढे दिसतात. विरार फास्टमध्ये एका हाताने कडी धरून उभ्या असलेल्या बाईंना तेवढ्यावरूनच ठरवायचं असतं की हा आत्ता उघडू की अंधेरी आल्यावर बघू. त्या मोक्याच्या जागी ‘आपल्या दिनांक ९ रोजीच्या ई-मेलच्या संदर्भात सविनय’ एवढं बसलं की काम फत्ते.

इतकं लिहायचा कंटाळा असेल तर दुसरं टोक गाठा. तेही तितकंच गुणकारी आहे. ‘गुरुवारी पाठवू की शुक्रवारी?’ असा प्रश्न आला की ‘हो’ असं उत्तर द्या. रात्री साडेअकराला मेल टाकताना ‘उद्या येतो’ लिहा. वाचणारा तो सकाळी वाचणार, म्हणजे तुमचा उद्या त्याचा आज झालेला असतो, पण तुम्ही म्हणता तो कुठला हे त्याला कळायला नको. वेळ देताना ‘१२.३०’ लिहा, जागा सांगताना ‘तुमच्या ऑफिसला’ लिहा, विशेषतः त्यांचं एक ऑफिस अंधेरीला आणि एक फोर्टात असेल तर. मेल चार शब्दांचा झाला, पण तो उलगडायला पुढे पाच मेल आणि दोन फोन लागतील. सगळे मिळून मोजले तर तुम्ही अजिबात कंजुषी केली नाही हे सिद्ध होतं.

लोक विचारतात, मग मेल किती लांब असावा? हा प्रश्नच विचारू नका. नाहीतर कोणी तरी शहाणा सांगेल की वाचून झाल्यावर समोरच्याच्या मनात प्रश्न उरू नये, इतका. होकारानंतर प्रश्न उरत नाहीत, म्हणून तो एका ओळीत मावतो. नकार, उशीर किंवा वाढलेली किंमत कळवली की मात्र प्रश्नांची रांग लागते: का? मग कधी? आता मी काय करू? पैसे कोण भरणार? म्हणून तिथे ओळी वाढतात. आपण मात्र हे बरोब्बर उलटं करायचं. शब्दांचा सगळा साठा होकारावर उधळायचा आणि वाईट बातमीच्या वेळी एकदम मितभाषी व्हायचं.

त्याची संधी चालून येते. मंगळवारी कळतं की चाळीसपैकी बारा खुर्च्यांच्या गॅस लिफ्ट चुकीच्या मापाच्या आल्यात. गॅस लिफ्ट म्हणजे बैठकीखालचा तो नळकांडीसारखा भाग, ज्याने खुर्ची वर-खाली होते. त्या आखूड निघाल्या, म्हणजे खुर्ची पूर्ण वर केली तरी बसणाऱ्याची हनुवटी टेबलाच्या जवळपास येणार. अठ्ठावीस तयार आहेत. आता काय लिहाल?

सर्वमान्य पद्धत अशी: ‘काही अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव डिलिव्हरीस थोडा विलंब होत आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. सहकार्य अपेक्षित.’ वाहवा! यात ‘काही’, ‘थोडा’ आणि ‘अपेक्षित’ असे तीन हिरे आहेत. तिन्हींत मिळून एक आकडा नाही. मॅडमना शुक्रवारी पंचवीस जणांचं ट्रेनिंग घ्यायचंय. त्यांना एवढंच कळायला हवंय की माणसं खुर्चीवर बसणार की सतरंजीवर. ते या मेलमधून कळत नाही, हेच त्याचं बळ. तरी मन भरलं नाही तर आणखी तीन ओळी माफी मागा. माफीला शब्द कितीही लागले तरी त्यातून तारीख बाहेर पडत नाही, म्हणून ती अगदी सुरक्षित जागा आहे.

खालच्यासारखा मेल मात्र चुकूनही पाठवू नका. ओळखता यावा म्हणून नमुना देतो.

‘विषय: गुरुवारी ४० पैकी २८ खुर्च्या, उरलेल्या १२ सोमवारी

मॅडम, गुरुवारी १२ तारखेला दुपारी २ ते ३मध्ये २८ खुर्च्या येतील. उरलेल्या १२ सोमवारी, १६ तारखेला, त्याच वेळेत. शुक्रवारच्या ट्रेनिंगला २५ जण आहेत, त्यांना २८ पुरतील.

तुमच्याकडून दोन्ही दिवसांचा गेटपास हवा, बुधवारी दुपारी ३ पर्यंत. गाडी दोनदा नको असेल तर त्याच वेळेपर्यंत कळवा. चाळीसही सोमवारी पाठवू, पण मग शुक्रवारी एकही खुर्ची नसेल.

कारण: १२ खुर्च्यांच्या गॅस लिफ्ट आखूड मापाच्या आल्या. त्या लावल्या तर बैठक टेबलाच्या मानाने खाली राहते. योग्य मापाच्या शनिवारी सकाळी गोदामात येतील, फिटिंगला अर्धा दिवस लागेल. दुसऱ्या फेरीचं भाडं आम्ही भरू. बिल एकच, सगळा माल पोचल्यावर.’

बघा, किती लांबलं! होकाराच्या पाच-सहापट. आणि तरी वाचणाऱ्याला कुठे कंटाळा करायला जागा ठेवलेली नाही. विषयाच्या ओळीतच बातमी फोडून टाकली. पहिल्या परिच्छेदात काय होणार ते, दुसऱ्यात मॅडमनी काय करायचं ते, आणि कारण सगळ्यांत शेवटी. घाईतल्या माणसाने दोन परिच्छेद वाचून सोडलं तरी त्याचं काही अडत नाही. आपल्याला हे परवडणार नाही. आपण सुरुवात कारखान्यातल्या इतिहासापासून करायची, पुरवठादार कसा बदलला, त्याचा माणूस गावी कसा गेला ते सांगायचं आणि सोमवार हा शब्द अगदी तळाशी, ‘कळावे’च्या शेजारी बसवायचा. नमनाला घडाभर तेल गेलं की वग कोण बघतो?

आता कोणी म्हणेल, ते गॅस लिफ्टचं पुराण तरी गाळता आलं असतं. मॅडमना काय करायचंय? अगदी बरोबर, गाळाच. कारण हा मेल मॅडमपाशी थांबणार नाही. त्या तो आपल्या साहेबांना पुढे पाठवतील आणि साहेबांना चाळीस खुर्च्यांची गोष्ट पहिल्यापासून माहीत नाही. ‘बारा का अडकल्या?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असणार. ‘सोमवारचं तरी नक्की का?’ हा दुसरा. ती तीन जादा वाक्यं या दोन प्रश्नांसाठी आहेत: शनिवारी माल, अर्धा दिवस फिटिंग, म्हणून सोमवार. तारखेमागचा हिशेब दिसला की माणूस ती तारीख धरून चालतो. हिशेब नसेल तर तो रोज सकाळी फोन करून खात्री करून घेतो. तुम्हाला रोज सकाळी फोन आवडत असतील तर कारण देऊ नका.

नकाराच्या बाबतीतही असंच. ‘जमणार नाही’ एवढंच लिहिलं की तुटक वाटतं आणि समोरचा दुखावतो, हे उत्तम. पण त्याहून सरस म्हणजे दोन पानी नकार. त्यात इतकी प्रशंसा, इतका नाइलाज आणि इतकी ‘पुढेमागे नक्की’ भरा की वाचणाऱ्याला तो होकार वाटेल आणि तो त्या हिशेबाने तयारीला लागेल. पहिल्या वाक्यात नाही, दुसऱ्यात एक खरं कारण, तिसऱ्यात जमण्यासारखा पर्याय, हा तीन ओळींचा प्रकार फक्त अरसिकांसाठी.

आणि ज्यांना एकही शब्द खर्चायचा नाही त्यांच्यासाठी आपल्या ऑफिसांनी शोधलेली खास युक्ती आहेच: ट्रेलिंग मेल. खाली सत्तावीस मेलांची शेपटी लोंबत असते. तुम्ही वर ‘कृपया खालील पाहावे’ टाकायचं आणि नवीन चार माणसं सीसीत घालायची. आता हे चौघे तळापासून वर वाचत येतील, कारण ही पोथी उलटी वाचायची असते. निम्म्या अंतरावर त्यांना तीच ती सही आणि ‘हा मेल गोपनीय आहे’ छापाची सूचना दहाव्यांदा भेटेल. शेपटी फारच वाढली तर जीमेल मेल मध्येच कापतं आणि उरलेला भाग एका बारीक दुव्यामागे ढकलतं. तुमचा मुद्दा त्या भागात असेल तर सोन्याहून पिवळं. वर पाच ओळींत ‘काय ठरलं, काय अडलंय, तुमच्याकडून काय हवंय’ असं लिहिणाऱ्याची पाच मिनिटं जातात, चौघांचा अर्धा-अर्धा तास वाचतो. पण तो अर्धा तास आपला थोडाच असतो?

असो. मेल कसाही लिहा, तो पाठवल्यावर एक विधी राहतो, तो टाळू नका. पाच मिनिटं थांबा आणि फोन लावा. ‘मॅडम, मेल टाकलाय, बघितला का?’ त्या लोकलमधून उतरून जिन्याच्या गर्दीत असतील, म्हणतील, ‘उघडला, पण कळलं नाही. नक्की काय झालंय?’

मग तुम्ही सांगाल, ‘काही नाही हो, अठ्ठावीस गुरुवारी येतील, बारा सोमवारी. तुमचं ट्रेनिंग अडत नाही. फक्त गेटपास दोन दिवसांचा काढा.’

‘अहो, मग हेच लिहायचं ना!’