दुकानाची वर्षं बायोडेटात कशी मांडायची

दुकान बंद करून नोकरी शोधणाऱ्या आपल्या बेळगाव भागातल्या काही जणांनी मला बायोडेटा बघायला पाठवले. एक खानापूरचा, एक निपाणीचा, बाकी इथलेच शहापूर-वडगावचे. सगळ्यांत तीच ओळ: ‘स्वतःचा किराणा व्यवसाय, सर्व कामांचा अनुभव.’ एकाने तर पुढे ‘मॅनेजिंग डायरेक्टर’ असंही टाकलेलं. त्याला म्हटलं, बाबा, ते आधी काढ. प्रोप्रायटर हा शब्द पुरे, जीएसटीच्या कागदावरही तोच आहे.

माझं अनगोळला २०१२ पासून दुकान होतं, २०२४ ला बंद केलं. आता उद्यमबागेत एका कारखान्याच्या स्टोअरला आहे. दुकान चालवणं हा मॅनेजमेंटचा खराखुरा अनुभव आहे असं माझं मत आहे. खरं ‘सगळं मीच बघत होतो’ म्हटलं की समोरच्याला काहीच कळत नाही. एखादा निर्णय कशाच्या जोरावर घेतला आणि त्याने कुठला आकडा हलला, हे सांगितलं तर कळतं.

माझ्याच दुकानाचं घ्या. वर्षाची विक्री ५४ लाखांच्या आसपास, त्या मालाची खरेदी ४८ लाख. दुकानात आणि माळ्यावर मिळून सरासरी ६ लाखांचा माल पडून असायचा. ४८ ला ६ ने भागलं की ८. म्हणजे माल वर्षातून आठ वेळा फिरत होता, एकदा घेतलेला माल सरासरी दीड महिना घरात. स्कीमच्या नादाने आपण सगळेच असं करतो: दहा पेट्यांवर एक फुकट म्हणून दहा घेतो, आणि शेवटच्या दोन पेट्यांवरची तारीख संपत येते. एक्स्पायरीचा माल परत घ्यायला डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन तयार नसतो, ‘मागच्या महिन्यात सांगायचं होतासा की’ म्हणतो.

मग मी दर महिन्याला न हललेल्या मालाची यादी काढायला लागलो. साबण-शाम्पूचे जे वाण महिन्यात एक पेटीही जात नव्हते ते बंद केले. डाळ, साखर, तेल रविवार पेठेतून एकदम भरून ठेवण्याऐवजी आठवड्यातून दोनदा आणायला सुरुवात केली. गाडीभाडं थोडं वाढलं. सरासरी स्टॉक मात्र ४ लाखांवर आला, विक्री होती तेवढीच राहिली. ४८ भागिले ४, बारा वेळा. दीड महिन्याचा माल एक महिन्यावर आला आणि अडकलेले २ लाख मोकळे झाले.

बायोडेटात मी एवढंच लिहिलं: ‘वार्षिक ४८ लाखांची खरेदी. सरासरी साठा ६ लाखांवरून ४ लाखांवर आणला, विक्री कमी न होता.’ मुलाखतीला बसलेल्या स्टोअर मॅनेजरने इतर काही न विचारता ‘कसं केलंत?’ एवढंच विचारलं. तिथून पुढचं बोलणं दोन कामवाल्यांचं झालं. कारखान्यातही त्यांची डोकेदुखी तीच होती, फक्त डाळीच्या जागी बेअरिंग आणि कटिंग टूल.

उधारीचंही तसंच. ‘ग्राहकांशी चांगले संबंध’ लिहून काही होत नाही. माझ्याकडे कारखान्यातला कामगार पगार झाला की दहा तारखेच्या आत द्यायचा, ऊसवाला कारखान्याचं बिल आल्यावर. साखर कारखान्याने चौदा दिवसांत बिल द्यायचं हा नियम कागदावरचा. वहीत ती नावं तीन-तीन महिने तशीच असायची. म्हणून दोघांच्या वह्या वेगळ्या आणि मर्यादाही वेगळी ठेवली: कामगाराला महिन्याच्या किराण्याएवढी, ऊसवाल्याला हंगामापुरती, आणि जुनं फिटल्याशिवाय नवीन नाही. डिस्ट्रिब्युटरकडच्या वसुलीच्या नोकरीला जाणार असाल तर हे पहिल्या ओळीत टाका.

आता कागदपत्रं. इथेच जास्त जण अडकतात. एचआरच्या मॅडम एक्स्पिरियन्स लेटर, रिलिव्हिंग लेटर आणि पीएफचा यूएएन नंबर मागतात. आपल्याकडे यातलं एकही नसतं आणि त्यांच्या पडताळणीत आपली सगळी वर्षं रिकामी दिसतात. त्यावर उपाय आपल्याच फायलीत आहे. जीएसटी नोंदणीचं प्रमाणपत्र म्हणजे REG-06, त्यावर धंद्याचं नाव, पत्ता, तुमचं नाव आणि नोंदणी लागू झाल्याची तारीख असते. नोंदणी रद्द करून घेतली की REG-19 हा आदेश येतो, त्यावर रद्द झाल्याची तारीख असते. पहिलं तुमचं जॉइनिंग, दुसरं रिलिव्हिंग. नुसतं शटर ओढून गप्प बसलेल्यांकडे दुसरा कागद नसतो. त्यांनी पोर्टलवर REG-16 भरून रीतसर रद्द करून घ्यावं. रिटर्न थकलेले असतील तर आधी तेही निस्तरायला लागणार. जीएसटी १ जुलै २०१७ पासूनचा, त्यामुळे त्याआधीच्या वर्षांसाठी महानगरपालिकेचं ट्रेड लायसन आणि जुनं व्हॅटचं प्रमाणपत्र जोडलं. सोबत तीन वर्षांचे आयटीआर. ओळख म्हणून आमच्या सीएंचा नंबर दिला आणि एका डिस्ट्रिब्युटरचा, त्यांना आधी विचारून. नातेवाइकांचे नंबर देऊ नका, फोन केल्यावर दोन मिनिटांत कळतं.

दुकानात जे केलेलंच नाही तेही सरळ सांगावं. माझ्या हाताखाली एक पोरगा होता आणि संध्याकाळी बायको बसायची; त्याला ‘टीम लीडरशिप’ म्हणणं मला जमलं नाही. तीन कोटेशन मागवणं, परचेस ऑर्डरवर सही होईपर्यंत थांबणं, आलेला माल ऑर्डरशी ताडून मगच आत घेणं, हे दुकानात नसतं. तिथं फोन केला की माल येतो. वरच्याला विचारून काम करायची सवय आहे का, ही शंका त्यांना असतेच आणि ती रास्त आहे. मी म्हटलं, कंपोझिशनचं CMP-08 दर तिमाहीला वेळेत भरलंय, काट्याचं स्टॅम्पिंग कधी चुकवलं नाही, म्हणजे दुसऱ्याने घातलेल्या नियमात राहायचं मला नवीन नाही. कन्नडबद्दलही तसंच. बोलायला अडचण नाही, वाचायला वेळ लागतो, एवढंच सांगितलं. आपल्याकडे काउंटरवर तीन भाषा होतातच, पण कन्नड लिहिता येतं म्हणून ठोकून दिलं तर पहिल्याच दिवशी हातात रजिस्टर येईल.

शेवटचं म्हणजे फॉर्ममधला ‘सध्याचा पगार’ हा रकाना. आम्ही ४४एडीखाली रिटर्न भरायचो. निम्मी विक्री यूपीआयने, तिच्यावर ६ टक्के. निम्मी रोखीची, तिच्यावर ८ टक्के. मिळून ३ लाख ७८ हजार, म्हणजे महिन्याला साडेएकतीस हजार. एचआरने तोच आकडा धरून वर थोडी वाढ सांगितली. हा पगार नव्हे, कायद्याने धरलेला नफा आहे. त्यात माझी मेहनत आली, अडकवलेल्या ४ लाखांचा मोबदला आला आणि बायकोच्या संध्याकाळीही आल्या, ज्यांचे तिला कधी वेगळे पैसे मिळाले नाहीत. म्हणून त्या रकान्यात मी ‘स्वयंरोजगार, लागू नाही’ लिहिलं आणि तुमच्याकडे या जागेला काय देता ते सांगा म्हटलं. आयटीआर लपवला नाही, तो कागदांत जोडलेलाच होता. मॅडमना ते फारसं आवडलं नाही. पण स्टोअर मॅनेजरने आधीच्या माणसाचा पगार सांगितला आणि बोलणं त्या आकड्यावरून सुरू झालं.

ज्यांना आपला बायोडेटा दाखवायचा आहे त्यांनी मेसेंजरवर पाठवा. सोबत गेल्या वर्षाची खरेदी आणि सरासरी स्टॉक किती होता तेही लिहा, अंदाजे चालेल.