जाळी काढा म्हणणाऱ्या प्रोजेक्टर-पंडितांना

“प्रोजेक्टरचा पंखा घोंघावतोय? चित्र अंधुक? गरम झाल्याचा मेसेज येतोय? सर्व्हिसवाल्यांना हजारो रुपये देऊ नका!! १) बाजूची फिल्टरची जाळी काढून फेका, झाकण परत लावा, मशीन मोकळा श्वास घेईल. २) पंक्चरवाल्याकडे नेऊन आत प्रेशरने हवा मारा. ३) High Altitude Mode कायम चालू ठेवा. ४) चित्र अंधुक म्हणजे लॅम्प गेला, लगेच बदला. ५) काम झालं की थेट भिंतीवरचं बटण बंद करा. शिक्षक मित्रांना जरूर पाठवा 🙏”

माझ्या ताईला हा मेसेज तिच्या शिक्षिकांच्या ग्रुपवर आला. तिने तो मला दाखवला महिन्याभराने, पहिला सल्ला अमलात आणून झाल्यावर. तोवर मेसेज माझ्या सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन पोचला होता, म्हणून हे लिहायला बसलो.

ताई कोपरखैरण्यात दहावीचे क्लास घेते. पहिला मजला, खाली रिक्षांची वर्दळ, समोर एका जुन्या इमारतीचं पाडकाम चालू. सकाळी पुसलेल्या बाकावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. प्रोजेक्टर थ्री-एलसीडी जातीचा, लॅम्पवाला, चार वर्षांचा. मेनूत लॅम्पचे तास २,९०० दाखवत होता. एप्रिलपासून पंखा असा ओरडायचा की मागच्या बाकावरच्यांना ताईचा आवाज ऐकू येईना, आणि पाऊण तासाने पडद्यावर गरम झाल्याची सूचना. तिने जाळी काढली, झाकण लावलं. त्या दिवशी पंखा शांत झाला, सूचना गेली. ताई खूश.

इथेच हा मेसेज फसवतो, कारण पहिल्या दिवशी तो खरा ठरतो. जाळी धुळीने गच्च भरलेली असेल तर ती काढल्यावर हवा जास्त खेचली जाणारच. नाकातोंडावरची ओली गोधडी काढली तर बरंच वाटेल. पण ती जाळी तिथे कशाला बसवली आहे, याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने केलेला नाही.

थ्री-एलसीडी प्रोजेक्टरमध्ये लॅम्पचा प्रकाश लाल, हिरवा आणि निळा असा फोडला जातो आणि प्रत्येक रंग एकेका छोट्या काचेच्या पॅनलमधून जातो. पॅनल टपाल तिकिटापेक्षा लहान. त्याच्यावर इतका प्रकाश पडतो की त्याला आणि त्याच्या पुढच्या-मागच्या, एकाच दिशेचा प्रकाश पुढे सोडणाऱ्या ध्रुवक पट्ट्यांना सतत हवा मारत राहावी लागते. ती हवा बाहेरूनच येते. म्हणजे जाळी काढली की पाडकामाची धूळ थेट त्या पॅनलवर फुंकली जाते. तिथे बसलेला कण पडद्यावर शेकडो पटींनी मोठा होऊन उमटतो.

पाचव्या आठवड्यात ताईने डोळ्याची आकृती लावली. बाहुलीच्या काळ्या भागात एक हिरवट, कडा विरलेला गोल डाग. “टीचर, हे जंतू आहेत का?” एका पोराने विचारलं. दुसऱ्या दिवशी निळसर दोन आणखी दिसले. मग मला फोन.

असा डाग ओळखायची एक साधी तपासणी आहे. खोलीत अंधार करा, पूर्ण काळं चित्र लावा आणि लेन्सची फोकसची कडी हळूहळू फिरवा. चित्र धूसर होत असताना डाग मात्र रेखीव व्हायला लागला तर धूळ आत, पॅनलपाशी आहे. लेन्सच्या बाहेरच्या काचेवरची धूळ अशी रेखीव दिसत नाही, ती फक्त चित्र थोडं फिकं करते. ताईकडे कडी फिरवली आणि हिरव्या डागाच्या मध्ये चक्क एक तंतू दिसला, बहुधा तिच्याच डस्टरचा. बाहेरून कितीही पुसा, तो जाणार नाही. प्रकाशाचा अख्खा भाग उघडावा लागतो.

शिवाय गरमीचा प्रश्नही सुटत नाही. तीच धूळ पंख्याच्या पात्यांवर आणि आतल्या फटींत चिकटते, आणि काही महिन्यांनी पंखा पुन्हा ओरडू लागतो. फरक एवढाच की आता धूळ अशा जागी आहे जिथे तुमचा हात पोचत नाही. जास्त तापून ध्रुवक पट्ट्या करपल्या तर चित्राला पिवळट झाक येते, ती तर साफ करूनही जात नाही.

आता दुसरा सल्ला. यावर मला राग आहे, कारण ताई खरंच सेक्टरच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे निघाली होती. त्याच्या टाकीतल्या हवेत पाणी असतं, कॉम्प्रेसरचं तेलही असतं. ती हवा जोराने आत मारली की बाहेरची धूळ आतल्या कप्प्यात ढकलली जाते आणि पंखा बनवणाऱ्याने कधी कल्पिला नसेल अशा वेगाने भिरभिरतो, बेअरिंगची वाट लागते. एप्सनच्या प्रोजेक्टरांसोबतची पुस्तिका कंपनीच्या साइटवरून कोणालाही उतरवून घेता येते. ताईचा प्रोजेक्टर दुसऱ्या कंपनीचा आहे, पण जात तीच. त्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की फिल्टर पाण्याने धुऊ नका, साबण किंवा रसायन लावू नका, आणि डब्यातली दाबाची हवाही वापरू नका, कारण ती धूळ आतल्या नाजूक भागांत ढकलते आणि मागे पेट घेणारा अंश ठेवू शकते. कंपनी हातातला छोटा डबा वापरू देत नाही आणि हे ट्रकच्या टायरची हवा मारायला सांगतात.

करायचं काय, तेही त्याच पुस्तिकेत आहे आणि ते दहा मिनिटांचं काम आहे. प्रोजेक्टर बंद करा, थंड होऊ द्या, वायर काढा. झाकण उघडून फिल्टर बाहेर काढा. दोन्ही बाजूंनी चार-पाच वेळा हलके आपटून धूळ झटका. मग घरातल्या व्हॅक्यूमला मऊ ब्रश लावून पुढच्या बाजूने ओढा. झाकणाच्या आणि हवा जायच्या फटीही तशाच ओढून घ्या. फाटला असेल किंवा धूळ निघतच नसेल तर नवीन घाला. काही कंपन्यांचे स्पंजचे फिल्टर धुता येतात, पण ते त्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असेल तरच. मेनूत फिल्टरची आठवण लावलेली असेल तर ती शून्यावर आणायला विसरू नका. पुस्तिका म्हणते निदान तीन महिन्यांनी एकदा, धूळ असेल तर आणखी लवकर. समोर इमारत पाडत असतील तर मी दर महिन्याला म्हणेन. आणि हो, पॅनलऐवजी बारीक आरशांवर चालणाऱ्या पुष्कळ डीएलपी प्रोजेक्टरांना फिल्टरच नसतो. तो शोधायला पेचकस घेऊन बसू नका.

ताईने काढून ठेवलेली जाळी मी झटकली तेव्हा खाली वर्तमानपत्रावर चमचाभर राखाडी पीठ पडलं. कापसाच्या गादीसारखा थर. त्याआधी चार वर्षांत ती एकदाही निघाली नव्हती.

पंख्याच्या आवाजाबद्दल मेसेजमध्ये जे नाही ते सांगतो. एकसारखा, जोराचा सूं-सूं आवाज म्हणजे पंखा धडधाकट आहे आणि आत तापतंय म्हणून वेगात फिरतोय. अशा वेळी हवेची वाट शोधा. सुरू करताना खरखर, घासल्यासारखा किंवा टक्-टक् आवाज आला तर मात्र बेअरिंग झिजलंय किंवा पात्याला काही अडतंय. तिथे फिल्टर साफ करून काही होणार नाही, पंखा बदलावा लागतो.

High Altitude Mode बद्दल हसावं की रडावं कळत नाही. उंचावर हवा विरळ, ती कमी उष्णता वाहून नेते, म्हणून पंखा जोरात फिरवायची ती सोय आहे. एप्सन ती १,५०० मीटरच्या वर वापरायला सांगते. आपलं महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर. कळसूबाईच्या शिखरावर, १,६४६ मीटरवर, कोणी क्लास काढला तर जरूर लावावा. कोपरखैरणे खाडीकाठी आहे. एक मान्य करतो, नाइलाजाने: गरमीने मशीन आपोआप बंद पडत असेल तर हा मोड लावून बघा असं काही पुस्तिकांत असतं. पण ते तात्पुरतं. कायम लावला तर ज्या आवाजाची तक्रार होती तोच वाढतो आणि जास्त हवेबरोबर जास्त धूळ येते.

चौथा मुद्दा अर्धा खरा. लॅम्पचं आयुष्य म्हणून जे तास छापतात ते उजेड मूळच्या निम्म्यावर येईपर्यंतचे असतात, म्हणजे लॅम्प जळायच्या आधीच चित्र मंद होत जाणार. पण आधी फुकटच्या गोष्टी बघा. कोणी कमी उजेडाचा ECO मोड लावून ठेवलाय का, चित्राचा मोड सिनेमावर आहे का, लेन्सवर बोटांचे ठसे आहेत का. लेन्स चष्म्याच्या मऊ कापडाने पुसा, पदराने नको. काही प्रोजेक्टर जास्त तापले की स्वतःच उजेड कमी करतात, तेव्हा फिल्टर साफ केल्यावर पुन्हा बघा. एवढं करूनही अंधुकच असेल, चित्र लुकलुकत असेल आणि तास संपत आले असतील तर लॅम्प बदला. नवा बसवल्यावर तासांची मोजणी शून्यावर आणा. लॅम्प आत फुटलाच तर खिडक्या उघडून मुलांना बाहेर काढा, त्यात पारा असतो.

बटणाचंही थोडक्यात. जुन्या लॅम्पवाल्यांत बंद केल्यावर पंखा मिनिट-दोन मिनिटं चालतो, तो लॅम्प थंड करत असतो. त्याचा गळा आवळू नका. नव्या काही मॉडेलांना थेट वीज तोडलेली चालते, पण ते पुस्तिकेत वाचून ठरवा, ग्रुपवर नाही.

ताईकडे शेवटी खरा गुन्हेगार आणखी एक निघाला. चोरी नको म्हणून सुताराकडून प्रोजेक्टरला प्लायवूडची पेटी करून घेतली होती. तीन बाजू बंद, समोर लेन्सपुरतं भोक. बाहेर फेकलेली गरम हवा पेटीतच फिरून पुन्हा आत जायची. मी हात घातला तर आतली हवा इस्त्रीच्या दुकानासारखी. पुष्कळ प्रोजेक्टरांना भोवतालची हवा ३५ अंशांपर्यंतच चालते. मे महिन्यात नवी मुंबईत पेटीशिवायच तितकं होतं. दोन बाजूंच्या फळ्या काढून तारेची जाळी ठोकली, नवा फिल्टर घातला. पाऊण तासाचा तास झाला, सूचना आली नाही, आणि मागच्या बाकाला ताईचं बोलणं ऐकू आलं.

प्रकाशाचा भाग उघडून साफ करायचे सर्व्हिसवाल्याने फिल्टरच्या किमतीच्या आठपट घेतले. दोन्ही निळे डाग गेले. हिरवा जरा उरलाय, खालच्या डाव्या कोपऱ्यात. ताई आता तिथे पान क्रमांक टाकते.