सहा हजार एकशे चाळीस अलर्ट बंद केले, बरं मग?

आज दुपारी आमच्या सायबर सिक्युरिटी मॉनिटरिंगच्या टीममधल्या एका ज्युनियर अ‍ॅनालिस्टने स्वतःचं सेल्फ-असेसमेंट पाठवलं. दोन वर्षं झाली, आता सिनियरच्या जागेसाठी अर्ज करतोय. "मॅम, सबमिट करायच्या आधी जरा नजर टाकाल का?" चार पानं. पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत: "दोन वर्षांत ६,१४० अलर्ट हाताळले, त्यातले ९४ टक्के फॉल्स पॉझिटिव्ह म्हणून वेळेत बंद केले."

वाचलं आणि डोकं फिरलं.

अरे, ६,१४० म्हणजे पाळीला तेरा-चौदा अलर्ट. तेवढे कुणीही करतो, न केले तर नोकरी राहत नाही. आणि ९४ टक्के फॉल्स पॉझिटिव्ह ही कौतुकाची गोष्ट आहे की तक्रारीची? शंभरातले चौऱ्याण्णव अलर्ट फुकट वाजत असतील तर तो रूल आजारी आहे. दोन वर्षं तू आजारी रूलचा ताप मोजलास आणि आकडा ठळक केलास.

बरं, ते ९४ टक्के तरी खरे फॉल्स पॉझिटिव्ह का? नाहीत. त्यातला मोठा भाग एकाच रूलचा: एका अकाउंटवर दहा मिनिटांत दहा चुकीचे पासवर्ड. सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड बदलला, पण कुठल्यातरी शेड्युल्ड टास्कमध्ये जुनाच राहिला, तर तो टास्क ठरल्या वेळाने डोकं आपटत राहतो. एकच अकाउंट, एकच मशीन, घड्याळासारखं अंतर. इथे रूल चुकला का? नाही. जे बघायला सांगितलं तेच त्याने बघितलं. घटना खरी आहे, फक्त निरुपद्रवी आहे. ही बिनाइन ट्रू पॉझिटिव्ह. दोन्ही एकाच खात्यात टाकली की औषध चुकतं. फॉल्स पॉझिटिव्ह असेल तर रूलचं लॉजिक दुरुस्त करायचं. बिनाइन असेल तर त्या टास्कच्या मालकाला शोधून पासवर्ड बदलून घ्यायचा, नाहीतर तोच अलर्ट उद्या पुन्हा येणार. हा फरक ज्याला कळतो त्याला मी सिनियर म्हणते. ज्याने फक्त बटण दाबलं त्याला नाही.

हो, मान्य आहे, फॉर्ममध्ये "संख्यात्मक कामगिरी" असा रकाना आहे आणि तो रिकामा सोडता येत नाही. टाका आकडा. पण पहिल्या ओळीत नको.

तर असं चिडून मी पुढे वाचत गेले. सर्टिफिकेट्स, ट्रेनिंग, "टीमवर्क", "प्रोअ‍ॅक्टिव्ह". आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, एक वाक्य:

"पासवर्ड स्प्रेसाठी नवीन रूल लिहिला. व्हीपीएन एक्सक्लुजनमुळे सरावात एक स्प्रे सुटला, नंतर दुरुस्त केला."

आणि मार्जिनमध्ये त्याचीच कॉमेंट: "मॅम, हे निगेटिव्ह दिसेल, काढून टाकू का?"

अरे देवा. चार पानांत प्रमोशन देण्यासारखं एकच वाक्य, आणि पोरगा तेच काढायला निघालाय.

मी फोन केला आणि त्या वाक्यामागचं सगळं काढून घेतलं. ऐका.

पासवर्ड स्प्रे म्हणजे उलटा हल्ला. एका अकाउंटवर शंभर पासवर्ड मारले तर अकाउंट लॉक होतं, म्हणून हल्लेखोर एकच सोपा पासवर्ड शंभर अकाउंटवर एकेकदा मारतो. हल्ल्यांच्या पद्धतींची यादी असलेल्या अ‍ॅटॅक मॅट्रिक्समध्ये तो T1110.003. मग "एका अकाउंटवर दहा वेळा" हा रूल तिथे आंधळाच, कारण प्रत्येक अकाउंटवर चूक एकच. याने ते ओळखलं आणि उलटं मोजायला घेतलं: एका पत्त्यावरून अर्ध्या तासात किती वेगवेगळी अकाउंट चुकली?

पहिली आवृत्ती त्याने 4625 या विंडोजच्या 'लॉगिन चुकलं' इव्हेंटवर बांधली, सगळे तिथूनच सुरू करतात. रीतसर परवानगी काढून, २० टेस्ट अकाउंट घेऊन, स्वतःच स्प्रे मारला. लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर, म्हणजे डोमेन कंट्रोलरवर, 4625 शून्य. कारण त्याचं टूल कर्बेरॉस या लॉगिन प्रोटोकॉलने जात होतं, आणि कर्बेरॉसमध्ये चुकलेला पासवर्ड डोमेन कंट्रोलरवर 4771 म्हणून येतो, फेल्युअर कोड 0x18. तोही ऑडिट पॉलिसीत फेल्युअर चालू असेल तरच. अस्तित्वातच नसलेलं नाव टाकलं तर 4771 सुद्धा नाही, 4768 येतो, कोड 0x6. म्हणजे टेस्ट केली नसती तर रूल कागदावर सुंदर, डॅशबोर्डवर हिरवा, आणि कामाचा शून्य. किती टीम्स 4625 वर रूल लावून निवांत बसल्यात देव जाणे.

मग रूल असा झाला:

```
index=wineventlog EventCode=4771 Failure_Code=0x18
| bin _time span=30m
| stats dc(Account_Name) as accounts by _time, Client_Address
| where accounts >= 15
```

१५ कुठून आले? हे विचारल्यावर "इंडस्ट्री स्टँडर्ड" असं उत्तर आलं असतं तर मी फोन ठेवला असता. त्याने मागच्या ३० दिवसांच्या लॉगवर हीच क्वेरी उंबरठ्याशिवाय चालवली. एक पत्ता सोडला तर कुठल्याही पत्त्यावरून अर्ध्या तासात सहाच्या वर अकाउंट चुकलेली नव्हती. तो एक पत्ता व्हीपीएनचा. घरून काम करणारी सगळी मंडळी एकाच नॅट पत्त्यामागून आत येतात, त्यामुळे सोमवारी सकाळी नऊला तिथून अर्ध्या तासात वीस-बावीस जण पासवर्ड चुकतात. बाकीच्यांसाठी १५ पुरेसे वर होते.

व्हीपीएनचा पत्ता त्याने एक्सक्लुजन लिस्टमध्ये, म्हणजे रूलने सोडून द्यायच्या पत्त्यांत, टाकला. तरी सोमवारी अलर्ट आलाच. दोन दिवस गेले तेव्हा कळलं, 4771 मध्ये पत्ता `10.x.x.x` असा नसतो, `::ffff:10.x.x.x` असा येतो, आणि लिस्टमधल्या साध्या पत्त्याशी तो जुळतच नाही. पुढचं `::ffff:` काढून टाकलं, एक्सक्लुजन लागलं, सोमवार शांत झाला.

आणि नेमकी तिथेच चूक झाली. सोमवार शांत झाला म्हणजे व्हीपीएनमधून कुणीही कितीही अकाउंट चाळली तरी शांतता. तीन महिन्यांनी सरावाच्या हल्ल्यात हल्लेखोराची भूमिका करणाऱ्या रेड टीमने एक व्हीपीएन लॉगिन मिळवलं आणि आतून ६० अकाउंटवर स्प्रे मारला. रूल गप्प. रेड टीमचा रिपोर्ट आल्यावर याने स्वतः शोधून काढलं की भोक आपणच पाडलंय. कुणी विचारलं नव्हतं. एक्सक्लुजन काढलं, त्या एका पत्त्यासाठी ४० चा वेगळा उंबरठा लावला, आणि अलर्ट आला की त्या वेळी व्हीपीएनवर कोण कोण होतं ती यादी सोबत जोडली, म्हणजे बघणाऱ्याला नॅटमागचा माणूस शोधत बसायला नको.

फोनवर हे सांगताना आवाज खाली गेला होता त्याचा. मला म्हणाला, "मॅम, तो सुटला ना पण."

इथे माझा राग उतरला. खरं सांगू, हा राग चुकीच्या माणसावर होता. ६,१४० चा आकडा ठळक करायला त्याला कुणी शिकवलं? आपणच. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये आपण काय विचारतो? किती आले, किती बंद, किती पेंडिंग. दोन वर्षं तेच ऐकलेला पोरगा असेसमेंटमध्ये दुसरं काय लिहिणार? कुठला रूल बदलला, का बदलला, बदलल्यावर काय तुटलं, हे आपण एकदा तरी विचारलंय का?

(आणि कृपया इथे "कमिटी चुका वाचून मार्क कापते" असं कुणी सांगू नका. कापतात काही जण, माहितीये. तरीही.)

मी त्याला सांगितलं, ते वाक्य वर घे आणि उघडून लिही. आधी काय होतं, काय दिसत नव्हतं. ४६२५ वरून ४७७१ वर का गेलास. १५ कसे काढलेस. व्हीपीएनमधला स्प्रे सुटतो हे कुणी दाखवलं: रेड टीमने, तू नाही, हे स्पष्ट लिही. नंतर काय बदललंस. आणि आजही काय सुटतं तेही लिही, कारण सुटतंच. तासाला आठ-दहा अकाउंट अशा संथ गतीने कुणी स्प्रे मारला तर अर्ध्या तासात पंधरा होतच नाहीत. `bin` अर्ध्या तासाचे ठोकळे पाडतो, त्यामुळे सव्वादहाला सुरू होऊन पावणेअकराला संपलेला हल्ला दोन ठोकळ्यांत अर्धा-अर्धा विभागला जातो, चोवीस अकाउंटचे बारा-बारा होतात आणि दोन्हीकडे रूल गप्प. पाचशे पत्त्यांवरून एकेक प्रयत्न आला तर पत्त्यावर मोजणारा रूल काहीच बघत नाही. मर्यादा ज्याला सांगता येतात त्याच्या हातात मी रात्रीची पाळी निर्धास्त देते.

"नेतृत्व केलं" हा शब्दही काढायला लावला. रूल त्याने लिहिला, तर "मी लिहिला" लिहायचं. ऑडिट पॉलिसी सर्व्हर टीमने बदलली, तर तसं लिहायचं. मुलाखत घेणारा दुसराच प्रश्न "फेल्युअर ऑडिट कुठे चालू केलंत?" असा विचारतो, आणि तिथे उधारीचं काम लगेच उघडं पडतं.

संध्याकाळी नवीन मसुदा आला. अडीच पानं. ६,१४० गेलेत शेवटच्या पानावर, रकान्यापुरते. स्प्रेचा परिच्छेद सगळ्यात वर. आणि खाली एक नवी ओळ, मी न सांगता: "यानंतर बाकीच्या रूल्समधली एक्सक्लुजन्स तपासली. एकूण ३७. कुणी आणि का टाकलं याची नोंद फक्त ४ ची आहे. उरलेल्या ३३ पैकी ९ आतापर्यंत तपासून काढली."

सोबत मेसेज: "मॅम, त्यातली दोन तुमच्या नावाची आहेत."

बघतेय.