गुलाबजल मागायला आलात तर आधी नळ दाखवीन

आज सकाळी दहाच्या सुमाराला शेजारची पोरगी धावत आली. "आंटी, गुलाबजल है क्या? मम्मी की आंख में डाय चला गया." मी पोह्यांना फोडणी घालत होते. गॅस बंद केला आणि तशीच तिच्या घरी गेले. बघते तर वहिनी पलंगावर डोळा मिटून पडलेल्या, डोक्यावर अर्धा डाय, एक बाई पदराने डोळ्यावर फुंकर घालतेय आणि दुसरी सांगतेय, "दूध डालो, ठंडक मिलेगी."

नळ चार पावलांवर होता हो! आणि आज आमच्याकडे इंदुरात नळाला नर्मदेचं पाणी यायचा दिवससुद्धा होता!

मी चिडले, मान्य आहे. पण मी चिडले ती वहिनींवर नाही. सहा वर्षांपूर्वी आमच्या घरी हेच झालं होतं, आणि त्या वेळी ती गुलाबजलाची बाटली माझ्या हातात होती.

भाच्याची मुंज होती. आदल्या संध्याकाळी मी आईचे केस रंगवत होते. कपाळाजवळच्या बटा करताना ब्रशवरचा गोळा घसरून थेट उजव्या डोळ्यात गेला. मी ओल्या नॅपकिनच्या कोपऱ्याने पुसलं, दोन लोटे पाणी मारलं आणि फ्रिजमधलं गुलाबजल टाकलं. आई म्हणाली, "बरं वाटतंय गं." मला तेवढंच ऐकायचं होतं. उरलेले केस रंगवले आणि तोच डाय धुवायला तिला मोरीत वाकवून बसवलं. म्हणजे डोक्यावरचं सगळं काळं पाणी पुन्हा त्याच डोळ्यावरून खाली आलं. कोणी सांगितलंच नव्हतं, आणि माझंही डोकं चाललं नाही.

गुलाबजलाने गार वाटतं, पण त्याने डाय निघत नाही. केसांचा रंग केसाच्या आत शिरावा म्हणून त्यात अमोनिया असतो. 'अमोनिया फ्री' लिहिलेल्या बऱ्याच रंगांत त्याच्या जागी दुसरा एखादा क्षार घातलेला असतो, त्यामुळे त्या शब्दावर विसंबू नका. त्यात कालवायच्या दुसऱ्या बाटलीत पेरॉक्साइड. अमोनियासारखा क्षार डोळ्याच्या पृष्ठभागावर बसून राहत नाही, आत उतरत जातो. म्हणून पहिली काही मिनिटं मोलाची. आणि ती आपण घालवतो कशात? बाटली शोधण्यात.

वहिनींना मी उठवलं. हात धुवायला लावले, केसांना जुना टॉवेल गुंडाळला, म्हणजे वरून आणखी काही गळायला नको. लेन्स नव्हती. असती तर धुता धुताच काढायची, ती काढण्यासाठी धुणं अडवायचं नाही. मग डाव्या कुशीवर कलती मान करून बेसिनवर वाकवलं, कारण रंग डाव्या डोळ्यात गेला होता. तो खाली राहिला पाहिजे, नाहीतर घाण पाणी चांगल्या डोळ्यात जातं. नळाला रबरी पाइप लावला, धार बारीक ठेवली आणि नाकाच्या बाजूने बाहेरच्या बाजूला पाणी जाऊ दिलं. पाणी साधं, फार गार नाही. डोळा उघडत नव्हता, म्हणून दोन बोटांनी पापण्या मी धरून ठेवल्या आणि सांगत राहिले, वर बघा, खाली बघा, डावीकडे, उजवीकडे. मिटल्या डोळ्यावर पाणी मारलं तर आतलं काही धुतलं जात नाही. पोरीला म्हटलं, मोबाइलवर 20 मिनिटं लाव. दुसऱ्या मिनिटालाच फुंकरवाल्या बाई म्हणाल्या, "बस हो गया, सर्दी हो जाएगी." मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

20 मिनिटं पाणी वाहू देणं इंदुरात, तेही एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गल्लीत, जिवावर येतं हे मला कळतं. नळ नसेल तर तांब्याने ओता, प्यायच्या पाण्याची बाटली रिकामी करा. आणि हो, बहुतेक वेळा नुसती चुरचुर होते, धुतल्यावर जाते, हेही खरं. पण आपली वेळ त्या बहुतेकांतली आहे की नाही, हे पहिल्या मिनिटाला कसं कळणार?

आईचं नाही कळलं. तिचं दोन तासांनी सुरू झालं. रात्री पाहुण्यांची पानं वाढताना तिला दिव्याकडे बघवेना, डोळ्यातून पाण्याची धार. वर आमच्या चुलत सासऱ्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे उरलेले ड्रॉप काढून दिले. ते मी टाकले नाहीत, एवढीच त्या दिवसातली माझी शहाणपणाची गोष्ट. अशा उरलेल्या बाटल्यांत स्टेरॉइड असू शकतं.

डॉक्टरांनी आधी खालच्या पापणीत कागदाची एक छोटी पट्टी टेकवली. तिचा रंग बदलला. म्हणाल्या, "अजून क्षार आहे, डोळा नीट धुतलेला नाही." मग सलाइनच्या बाटलीने धुवत राहिल्या. थोडं थांबायचं, पुन्हा पट्टी, पुन्हा धुणं. शेवटी वरची पापणी उलटवून दाखवली. आत काळा कण चिकटला होता, तिळाएवढा. मी पुसला तो बाहेरचा रंग, खरा रंग तिथे बसला होता. त्यानंतर पिवळं औषध टाकून निळ्या उजेडात पाहिलं तर बुबुळावर हिरवट ओरखडा चमकला. मोतीबिंदूचं ऑपरेशन धडधाकट पार पाडलेली माझी आई, आणि लेकीने ब्रशने एवढं करून ठेवलं. तिने एक शब्द काढला नाही. ओरखडा चार दिवसांत भरला, पण मुंज तिने काळा चष्मा लावून पाहिली.

म्हणून सांगते. धुऊन झाल्यावरही दुखत असेल, डोळा लाल राहिला, उजेड सोसत नसेल, अंधुक दिसत असेल, आत काहीतरी टोचतंय असं वाटत असेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. लहान मूल असेल किंवा लेन्स घालणारा माणूस असेल, तर वाटच पाहू नका. बुबुळ धुरकट दिसलं किंवा दिसायचं कमी झालं, तर धुऊन झाल्यावर गाडीतही पाणी ओतत, तडक हॉस्पिटल. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं असं समजू नका, क्षाराने डोळा बधिरही होतो. डायचा खोका सोबत न्या, आत काय होतं ते डॉक्टरांना वाचता येतं.

पापणीच्या कातडीवर डाग पडला तर तो वेगळा विषय. डोळा बंद ठेवून सौम्य साबण आणि पाण्याने पुसा, उरलेला डाग आठवड्याभरात आपोआप जातो. तिथे नेलपॉलिश रिमूव्हर नको. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पापण्या सुजून खाज सुटली, तर ती काळ्या रंगातल्या पीपीडी नावाच्या रसायनाची ॲलर्जी असू शकते. तेव्हा पुन्हा तो रंग लावायचा नाही, डॉक्टरांना दाखवायचं. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला, तर 108 फिरवा. भुवया रंगवणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, खोक्यावर बारीक अक्षरात 'भुवया-पापण्यांना लावू नका' लिहिलेलं असतं, ते वाचा.

संध्याकाळी वहिनींकडे डोकावले. डॉक्टरांनी किरकोळ खरचटलंय म्हणून सांगितलंय, ड्रॉप दिलेत, परवा बोलावलंय. डोकं उजवीकडे काळं आणि डावीकडे पांढरं, तशाच बसल्या होत्या. मला विचारतात, "बाकी आधे बाल कब करूं?"

या आठवड्यात नाही, म्हटलं. आणि करताना मला बोलवा. रबरी पाइप मी तिथेच ठेवून आलेय.