गळवं ‘खराब रक्ता’ची नसतात

“काखेत, मांडीत सारखी गळवं येतात म्हणजे रक्त खराब झालंय. कडुलिंबाचा रस प्या, आंबा बंद करा, पिकलं की दाबून घाण काढा. शुगर तपासायला सांगतात ते उगाच.”

गळू रक्तातून उगवत नाही, ते केसाच्या मुळाशी होतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात यंत्रमागाजवळ आठ तास उभं राहणाऱ्याच्या काखेत आणि जांघेत घाम मुरतो, कातडी कातडीला घासते आणि केसाचं तोंड बुजतं. मग बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचे जिवाणू आत वाढतात. साधारण दर तिघांपैकी एकाच्या नाकपुडीत ते असतात आणि हाताने, टॉवेलने काखेत पोचतात. पू म्हणजे त्यांच्याशी लढताना मेलेल्या पांढऱ्या पेशी. कडुलिंबाचा रस पिऊन बुजलेलं तोंड उघडत नाही.

दाबणं तर फारच वाईट. वरून थोडा पू येतो, पण उरलेला आजूबाजूच्या कातडीत घुसतो. गरम पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा ठेवा. मोठं गळू डॉक्टर चिरून पूर्ण रिकामं करतात.

शुगर तपासणं मात्र अजिबात उगाच नाही. पंचेचाळिशीचे एक मागवाले धरा. वर्षभरात काखेत चार गळवं झाली. प्रत्येक वेळी गोळ्यांचा कोर्स केला, बरं वाटलं, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. एचबीए1सी ही रक्तातल्या साखरेची चाचणी केली तर 9.4 टक्के आली. ती 6.5 किंवा त्याहून जास्त आली की मधुमेह धरतात, आणि लक्षणं नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी गळवाच्या जागी उशिरा पोचतात आणि जिवाणूंना नीट मारू शकत नाहीत. उलट गळवामुळेही साखर आणखी चढते, म्हणून नुसत्या गोळ्यांनी हे चक्र सुटत नाही. एचबीए1सी मागच्या साधारण तीन महिन्यांची साखरेची सरासरी दाखवते, त्यामुळे आदल्या दिवशी गोड न खाऊन निकाल बदलत नाही. आंब्याचा विचार करायचा तो इथे, साखरेच्या हिशेबात.

शुगर नॉर्मल असूनही गळवं थांबत नसतील, तर पुवाचं कल्चर, म्हणजे त्यात कोणते जिवाणू वाढतात याची तपासणी, करायला सांगा. स्टॅफिलोकोकस सापडले तर डॉक्टर नाकपुडीत लावायचं मलम आणि अंघोळीला जंतुनाशक साबण काही दिवस देतात. घरात प्रत्येकाचा टॉवेल आणि दाढीचं ब्लेड वेगळं हवं.

एक प्रकार यातूनही निसटतो. काखेत आणि जांघेत त्याच त्याच जागी गाठी, शेजारी जोडीने काळे ठिपके, आतून बोगद्यासारखे जोडलेले व्रण असतील, तर तो हायड्राडेनायटिस असू शकतो. तो संसर्गजन्य नाही आणि अस्वच्छतेने होत नाही. धूम्रपान आणि जास्त वजनाशी त्याचा संबंध दिसतो. त्याचे उपचार वेगळे असतात, त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञच गाठा.

ताप आला, लाली भराभर पसरली किंवा मधुमेह असताना पाठीवर-मानेवर अनेक तोंडांची काळपुळी झाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा.